टॉर्च भिंतीला टेकवून

व्हिडिओ कॉलवर फ्लॅट दाखवताना बघणाऱ्याची मान माझ्या मनगटात असते. जागेवर आलेला माणूस मी हॉलबद्दल बोलत असताना सहज मागे वळतो, दाराआड डोकावतो, जाता जाता भिंतीवरून हात फिरवतो. बंद खोलीचा वास त्याला न विचारता कळतो. दुसऱ्या शहरात बसलेल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. मी फोन जिथे वळवीन तेवढंच त्याच्यासाठी घर. शिवाय मला पैसे मिळतात ते व्यवहार झाल्यावर, हे त्यालाही ठाऊक असतं. म्हणून घरं दाखवण्याच्या या कामात मी एक गोष्ट सोडत नाही. लाइव्ह कॉलची स्क्रिप्ट आधी लिहून काढायची आणि कॉलच्या आदल्या दिवशी ती घेणाऱ्याच्या हातात द्यायची. मी काय गाळलं हे मग त्याला बसल्या जागी कळतं.

स्क्रिप्ट म्हटलं की लोकांना वाटतं, एजंटने काय बोलायचं ते. प्रशस्त हॉल, भरपूर उजेड, हवेशीर बेडरूम. माझ्या स्क्रिप्टमध्ये विशेषणं नसतात. ती लिहिताना मी प्रत्येक खोलीपाशी स्वतःला एवढंच विचारते: इथे उभ्या असलेल्या माणसाला जे आपसूक कळलं असतं, त्यातलं फोन काय गिळणार आहे? जे गिळणार आहे ते दिसेल किंवा मोजता येईल अशा रूपात आणायचं. या उत्तरांमधूनच स्क्रिप्ट तयार होते. एका फ्लॅटच्या निमित्ताने ते सांगते.

एक तरुण त्याच्या आईसाठी घर बघत होता. दोन बेडरूमचा, सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, काही महिने बंद असलेला फ्लॅट. आईचे गुडघे दुखायचे, घरात ती वॉकर घेऊन चालायची. दोघंही कॉलवर बसणार होते. मी त्यांना आधी फ्लॅटचा प्लॅन पाठवला. बिल्डरचा छापील प्लॅन नव्हता, म्हणून हातानेच काढला आणि प्रत्येक खोलीच्या चार भिंतींना अ, ब, क, ड अशी अक्षरं दिली. दारात उभं राहून आत तोंड केलं की डावीकडची भिंत अ, समोरची ब, उजवीकडची क आणि ज्या भिंतीत दार आहे ती ड. प्रत्येक खोली याच क्रमाने दाखवायची. हा क्रम ठरलेला नसला की ड भिंत हमखास राहून जाते, कारण फोन धरणारा तिच्याकडे पाठ करून उभा असतो. नंतर "ते कपाट कुठल्या भिंतीला होतं?" यावर अर्धा तास वाद होतो तोही अक्षरांमुळे टळतो.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत आम्ही तीन शब्द ठरवतो: थांबा, मागे, जवळ. घेणाऱ्याने "थांबा" म्हटलं की मी वाक्य अर्धवट टाकून थांबते आणि मनात तीन मोजते. यामागे शिष्टाचारापेक्षा वेगळं कारण आहे. कॉलचं चित्र नेटवर्कवरून जाताना दाबून लहान केलेलं असतं. फोन हलत असला की दर क्षणी सगळं चित्र बदलतं आणि ते एवढ्याशा जागेत मावत नाही, म्हणून बारकावे पुसले जातात. फोन स्थिर झाल्यावर दोन-तीन सेकंदांनी तेच चित्र स्वच्छ होतं. चालता चालता दाखवलेल्या भिंतीवर बारीक भेग दिसतच नाही. अशी भिंत मी दाखवलेली धरत नाही.

फोन आडवा, छातीच्या उंचीवर, मागचा कॅमेरा आणि साधी लेन्स, म्हणजे स्क्रीनवर `1x` लिहिलेली. `0.5x` ला हात लावायचा नाही. ती रुंद लेन्स एका नजरेत 100 अंशांहून जास्त कोन घेते, त्यामुळे समोरची भिंत दूर सरकते आणि दहा फुटांची खोली हॉलसारखी दिसते. साध्या लेन्सचा कोन त्या मानाने बराच लहान, सत्तरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. खोली तुकड्यातुकड्यांत दिसते हे खरं, पण त्या तुकड्यांची मापं खोटी नसतात.

तरीही व्हिडिओवरून कुणालाही खोलीचा आकार कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून टेप. मी एकटी जात नाही, सोबत एक जण असतोच. एकाच्या हातात फोन, दुसऱ्याच्या हातात टेप आणि टॉर्च. आईकडे कुठलं सामान येणार आहे त्याची मापं मुलाने आधीच कळवली होती. छोट्या बेडरूममध्ये आम्ही पलंगाच्या आकाराचा आयत जमिनीवर चिकटपट्टीने आखला, सहा फूट बाय साडेसहा फूट. मग कपाटाच्या जागेपाशी त्याच्या दाराचं माप धरून हात फिरवला. पलंग आणि कपाट यांच्यात वॉकर वळेल का, हे त्या आखलेल्या जागेत उभं राहिल्यावर लगेच दिसलं. वळत नव्हता. "मग पलंग ब भिंतीला लावला तर?" मुलाने विचारलं. चिकटपट्टी काढून पुन्हा लावली. आता वळत होता, पण पलंग खिडकीखाली येत होता. खोली "मोठी आहे" की "बेताची आहे" यावर कितीही बोललो असतो तरी हे हाती लागलं नसतं.

बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी 26 इंच भरली. वॉकर 24 इंचांचा. जाईल, पण दोन्ही बाजूंना एकेक इंच. आणि उंबरठा दोन इंच उंच. हा उंबरठा कॅमेऱ्यात अजिबात दिसत नाही, कारण छातीच्या उंचीवरून खाली बघितलं की उंची सपाट होऊन जाते. म्हणून स्क्रिप्टमध्ये एक ओळ कायमची आहे: घरात जिथे जिथे पातळी बदलते तिथे फोन जमिनीला टेकवायचा आणि पट्टी उभी धरायची. लिफ्टच्या दारापाशीसुद्धा. लिफ्ट मजल्याशी समतल थांबते की इंचभर वरखाली, हे बाकीच्यांना एरवी जाणवतही नाही. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला तिथे रोज अडखळावं लागतं.

उजेडाबाबत फोन काय करतो ते नीट समजून घ्यायला हवं, कारण तिथे तो मनापासून फसवतो. फोनचा कॅमेरा स्वतःच उजेड कमी-जास्त करून घेतो. अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवला की तो चित्र उजळ करतो, खिडकीकडे वळवला की गडद करतो. त्यामुळे प्रत्येक खोली कॉलवर सारखीच उजेडाची दिसते. यावर उपाय असा की सगळे दिवे बंद करायचे, पडदे सरकवायचे आणि खिडकी व सर्वांत आतला कोपरा एकाच चौकटीत येतील असं उभं राहायचं. आता फोनला दोघांपैकी एकालाच न्याय देता येतो. खिडकी पांढरीफटक किंवा कोपरा काळा दिसला तर दोन्हीकडच्या उजेडात फार फरक आहे. खिडकीबाहेरचं झाड आणि कोपऱ्यातला प्लग दोन्ही ओळखू येत असतील तर खोली खरोखर उजेडाची. त्या फ्लॅटचा हॉल या परीक्षेत उत्तम उतरला. मागची बेडरूम नाही. मी तसं शब्दांत सांगितलं: "दुपारचे बारा वाजलेत, दिवा बंद आहे, या कोपऱ्यात मला हाताने काढलेल्या प्लॅनवरची अक्षरं डोळ्यांजवळ न्यावी लागताहेत." स्क्रिप्टमधलं माझं बोलणं असं असतं. मी काय करते आहे आणि मला काय जाणवतं आहे, एवढंच.

आता भिंत. मला विचाराल तर सगळी स्क्रिप्ट या एका भागासाठी लिहावी.

ओलीचे डाग फिकट असतात. फोनचा कॅमेरा रंग स्वतः दुरुस्त करतो, त्यात फिकट पिवळा डाग पांढऱ्यात मिसळून जातो. उरलंसुरलं कॉलचं दाबलेलं चित्र खाऊन टाकतं. फोनचा स्वतःचा फ्लॅश लावूनही उपयोग नाही, कारण तो लेन्सला लागूनच असतो. समोरून सरळ पडणारा उजेड सावल्या पाडत नाही आणि सावली नसली की फुगवटा दिसत नाही. म्हणून टॉर्च वेगळा हवा आणि तो भिंतीला जवळजवळ टेकवून धरायला हवा, असा की उजेड भिंतीवरून घसरत जाईल. मग लिंपलेला चौकोन, रंगाखालचे फोड, निघू लागलेले पोपडे, सगळं आपापली सावली घेऊन वर येतं. कॉलवर नुसती रेघ दिसली नसती तिथे डोंगरदऱ्या दिसतात.

मागच्या बेडरूमची क भिंत बाथरूमला लागून होती. प्लॅनवर मी तिच्याखाली आधीच रेघ मारून ठेवली होती. बाथरूमच्या पलीकडची प्रत्येक भिंत आणि वरच्या कुणाच्या बाथरूमखाली येणारं छत, या दोन जागांवरून टॉर्चशिवाय पुढे जायचं नाही असं स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं. हा फ्लॅट वरच्या मजल्यावर असल्याने छताचा प्रश्न गच्चीचा होता. भिंत मात्र होतीच. साध्या उजेडात ती गुळगुळीत होती. सोबतच्याने टॉर्च स्कर्टिंगच्या वर टेकवला आणि साधारण दोन फूट लांब, दहा इंच उंच असा पट्टा वेगळा दिसू लागला. रंग तोच, पण पोत वेगळा. रोलरचे ठिपके बाकीच्या भिंतीवर होते, या पट्ट्यात नव्हते. कडेला तांदळाएवढे तीन-चार फोड.

"थांबा," मुलगा म्हणाला. थांबले. तीन मोजले.

"ताई, हे ओल आहे का?"

"हात लावला तर कोरडं लागतंय. नखाने फोड दाबला तर आत पांढरी भुकटी आहे, खार आलेला आहे. म्हणजे इथून कधीतरी पाणी आलंय. आत्ता येतंय का, ते आज सांगता येणार नाही."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवते, कारण बंद फ्लॅटमधली कोरडी भिंत काहीच सिद्ध करत नाही. महिनोन्‌महिने तिथे कुणी अंघोळ केलेली नसते. बहुतेक वेळा जाताना मुख्य व्हॉल्व्हही बंद केलेला असतो, म्हणजे भिंतीतल्या पाइपातही पाणी नसतं. अशा घरात ओल असायला पाणीच कुठे असतं? घेणारा मात्र कोरडी भिंत बघून निर्धास्त होतो.

पाणी भिंतीत दोन वाटांनी येऊ शकतं. एक, आतल्या पाइपातून. त्यात दाब असतो, त्यामुळे पाइप गळत असेल तर कुणी नळ उघडो न उघडो, भिंत ओलावते. दुसरी वाट म्हणजे बाथरूमची जमीन, फरशांचे सांधे आणि जमीन-भिंत जिथे मिळतात तो कोपरा. तिथून पाणी तेव्हाच जातं जेव्हा जमिनीवर पाणी पडतं. दोन्हींची दुरुस्ती अगदी वेगळी. म्हणून दोन्ही एकाच वेळी तपासायचं नाही, नाहीतर भिंत ओली झाली तरी कशामुळे ते कळत नाही.

मालकांची परवानगी घेतली. त्या दिवशी मी त्या पट्ट्याच्या कडेने पेन्सिलीने बारीक रेघ मारली, तारीख लिहिली आणि कॉलवर ती दाखवली. मग मुख्य व्हॉल्व्ह उघडला, सगळे नळ घट्ट बंद आहेत हे एकेक करून दाखवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांचा कॉल: रेघ जशीच्या तशी, भिंत कोरडी. पाइपावरचा संशय बराचसा गेला. नंतर खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना सांगून, त्यांच्या छतावर काही टिपकलं तर लगेच फोन करा असं विनवून, बाथरूमच्या जाळीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा दाबून बसवला आणि जमिनीवर इंचभर पाणी भरलं. उंबरठा दोन इंचांचा, त्यामुळे पाणी बाहेर येत नव्हतं. पाण्याची पातळी फरशीवर मार्करने खुणावली. वॉटरप्रूफिंग तपासायची हीच जुनी, सरळ रीत. किमान 24 तास पाणी तुंबवून ठेवायचं.

24 तासांनी पुन्हा कॉल. खुणेपासून पाणी खाली गेलं होतं, ते नुसतं उडून जाईल त्याहून निश्चितच जास्त. खालच्यांचं छत कोरडं होतं. क भिंतीवर टॉर्च टेकवला तेव्हा मला काही बोलावंच लागलं नाही. पेन्सिलीच्या रेघेबाहेर दोन बोटं रुंदीची गडद किनार आली होती आणि मी तिथे टेकवलेला टिश्यू पेपर उचलला तो ओलसर निघाला. पाणी जमीन आणि भिंत यांच्या सांध्यातून बेडरूमकडे जात होतं. म्हणजे बाथरूमची खालची फरशी आणि भिंतीचा खालचा भाग उकलून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागणार. एवढं मोठं काम, आणि पहिल्या कॉलवर त्याची खूण म्हणजे तांदळाएवढे तीन-चार फोड.

पाण्याच्या दाबाचा भाग मी थोडक्यात उरकणार होते, पण आईंनी तो उरकू दिला नाही. माझ्या स्क्रिप्टप्रमाणे मी पंधरा लिटरची बादली बाथरूमच्या नळाखाली ठेवली आणि सोबतच्याने घड्याळ धरलं. नळ उघडताना व्हिडिओवर धार जोरदारच दिसते. कॅमेऱ्याला पाणी सांडताना दिसतं, किती ते दिसत नाही. बादली भरायला अडीच मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला सहा लिटर. चालण्यासारखं आहे असं मी म्हणणार तेवढ्यात आई म्हणाल्या, "अगं, नळ तसाच राहू दे. आता ओट्याचा नळ सोड आणि मग बादली भरून बघ." तशी भरायला चार मिनिटांच्या आसपास लागली. दोन माणसं एकाच वेळी पाणी वापरणार असतील तर हा आकडा खरा, आधीचा नव्हे. तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये बादली दोनदा भरली जाते.

वरच्या मजल्यावर दाब कमी का असतो, तेही मी तिथेच सांगितलं. गच्चीवरच्या टाकीतून पाणी नुसतं उंचीच्या जोरावर उतरतं. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. टाकी शॉवरच्या जेमतेम तीन मीटर वर असेल तर दाब 0.3 बार. तळमजल्यावरचा शॉवर जोरात पडतो आणि इथला ठिबकतो, ते यामुळेच. काही इन्स्टंट गिझर एवढ्याशा प्रवाहावर सुरूच होत नाहीत. टाकीला छोटा प्रेशर पंप बसवता येतो, पण तो कुणी बसवायचा, सोसायटी परवानगी देते का आणि त्याचा आवाज किती, हे प्रश्न घर घ्यायच्या आधी विचारायचे असतात.

बाथरूममधून निघण्याआधी एक मग पाणी जाळीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ओतते आणि फोन खाली धरून थांबते. पाणी जाळीकडे धावलं पाहिजे. मिनिटभरानेही कोपऱ्यात डबकं उरलं तर उतार चुकलेला आहे, आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसासाठी तिथली फरशी कायम निसरडी राहणार. बाल्कनीतही हेच. आणि वास. बंद घराच्या बाथरूममध्ये बऱ्याचदा गटाराचा वास येतो. जाळीखालच्या वळणात जे थोडं पाणी साचलेलं असतं तेच खालची हवा अडवतं. घर बंद राहिलं की ते पाणी उडून जातं आणि वास वर येतो. मी वास आला की तसं सांगते, जाळीत दोन मग पाणी टाकते आणि कॉल संपताना पुन्हा जाऊन सांगते की गेला की नाही. गेला तर कारण कळलं. नाही गेला तर प्लंबर.

आवाजाबद्दल मात्र कॉलवर काहीही ठरवायचं नाही, असं मी घेणाऱ्यालाच लिहून देते. कॉलची ॲप्स माणसाचा आवाज स्पष्ट यावा म्हणून मागचा सततचा आवाज कापून टाकतात. पंखा, रस्त्यावरची वाहतूक, शेजारच्या इमारतीचा जनरेटर, हे सगळं त्या गाळणीत जातं. मी खिडकीत उभी राहून "ऐका, किती शांत आहे" म्हटलं तर ते प्रामाणिक असूनही खोटं ठरेल. फरशीवर नाण्याने ठोकून पोकळ आवाज ऐकवायचा तरी हीच अडचण, टकटक कधी पोचते, कधी नाही. म्हणून आवाज कॉलबाहेर पाठवायचा. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने खिडकीपाशी एक मिनिट खिडकी उघडी ठेवून आणि एक मिनिट बंद करून चित्रण करायचं, मधे न बोलता, आणि ते जसंच्या तसं पाठवायचं. शेवटी माझ्या साध्या बोलण्याचा आवाजही त्यात हवा, म्हणजे बाहेरचा आवाज बोलण्याच्या मानाने केवढा ते ताडता येतं. त्या मायलेकांना मी तसं चित्रण दुपारचं एक आणि रात्री दहाचं एक असं पाठवलं. दुपारी रस्त्याच्या आवाजाशिवाय काहीच नव्हतं. रात्री लिफ्टची मोटर. वरचा मजला, लिफ्टचं मशीन गच्चीवर, मागच्या बेडरूमच्या जवळजवळ डोक्यावर. प्रत्येक फेरीला एक खट्ट आणि मग घरघर. दिवसा रस्त्याच्या आवाजात ती बुडून जायची.

या रात्रीच्या फेरीला मालक सुरुवातीला कुरकुरतात. पण पार्किंग भरल्यावर गाडी कशी वळते, जिन्यातले दिवे लागतात का, हे दिवसा कुणी दाखवूच शकत नाही. दहा मिनिटांचा कॉल पुरतो.

कॉल कुठून सुरू करायचा याबद्दलही एक शब्द. मी तो फ्लॅटच्या दारात सुरू करत नाही, रस्त्यावर करते. इमारतीचं नाव, प्रवेशद्वार, जिना, मजल्याचा आकडा, दारावरचा क्रमांक, मग कुलपात किल्ली, सगळं एकाच न तुटलेल्या कॉलमध्ये. आपण पाहतोय तो फ्लॅट कागदावरचाच आहे, हे दुरून पटवून देण्याचा दुसरा मार्ग नाही. लिफ्टमध्ये नेटवर्क जातं, म्हणून चढताना जिन्याने जाते. जिना फारच उंच असेल तर लिफ्टमध्ये शिरण्याआधी तसं सांगते आणि बाहेर आल्या आल्या मजल्याचा आकडा दाखवते. घेणाऱ्याने मधेच काहीही करायला सांगावं, "ती खिडकी बंद करून पुन्हा उघडा" असं. आधी रेकॉर्ड केलेलं चित्रण अशा सांगण्याला उत्तर देऊ शकत नाही. मालकी मात्र यातून सिद्ध होत नाही. किल्ली भाडेकरूकडेही असते. कागदपत्रं वकिलाने बघायची, आणि कॉल चालू असताना टोकनची रक्कम पाठवायची नाही. कुणी घाई केली तर तेवढ्यावरूनच थांबावं.

घरात माणसं राहत असतील तर स्क्रिप्ट त्यांनाही आधी दाखवते. रेकॉर्डिंग करणार असू तर विचारून. भिंतीवरचे फोटो, औषधांचं टेबल, उघडं कपाट यांवरून कॅमेरा फिरवायचा नाही. मालक शेजारी उभे असले की घेणारा मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून त्याचे अवघड प्रश्न तो मला मेसेजमध्ये लिहितो आणि मी ते माझे म्हणून विचारते.

स्क्रिप्टचं शेवटचं पान कॉल संपल्यावर लिहिलं जातं. त्यावर मथळा असतो: "न पाहिलेलं". या फ्लॅटच्या वेळी त्यावर चार गोष्टी होत्या. गच्चीची किल्ली वॉचमनकडे नव्हती, त्यामुळे बेडरूमवरचा गच्चीचा भाग आणि टाकी पाहिलेली नाही. मागच्या बेडरूमची अ भिंत आतल्या बंदिस्त कपाटामागे असल्याने टॉर्च लावता आला नाही. दुपारी तीन-चारचं ऊन कुठल्या खिडकीतून आत येतं ते पाहिलेलं नाही. फोनच्या होकायंत्रावर मी विसंबले नाही, भिंतीतल्या लोखंडाजवळ तो भरकटतो. आणि पाऊस. गच्ची पावसात काय करते, हे कोरड्या दिवसात कुणालाच सांगता येत नाही. खालच्यांना आणि शेजाऱ्यांना विचारायचं.

प्रत्येक ओळीपुढे कोण बघणार आणि कधी, ते लिहिलं. गच्ची आणि ऊन माझ्याकडे, त्याच आठवड्यात. कपाटामागची भिंत मालकांनी फळी काढून दाखवायची. शेजाऱ्यांशी मुलगा स्वतः फोनवर बोलणार, कारण एजंटला शेजारी खरं सांगतीलच असं नाही.

गच्ची ठीक निघाली, कपाटामागची भिंतही. मालकांनी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नव्याने करून द्यायचं, त्याच वेळी उंबरठा उतरता करायचा आणि ताबा देण्याआधी पुन्हा 24 तास पाणी तुंबवून दाखवायचं, असं करारात लिहिलं गेलं. लिफ्टच्या मोटरचं काही होण्यासारखं नव्हतं. आईंनी झोपायला पुढची बेडरूम निवडली, आणि मी चिकटपट्टी घेऊन त्या खोलीत पलंग नव्याने आखायला गेले.